परक्या भाडेघरात भडगावचे घर
दोन बॅगांत काय न्यावे, काय मागे ठेवावे आणि नेलेले तिथे कसे वापरावे

गिरणाकाठच्या भडगावातून जळगाव, पुणे, मुंबई असा प्रवास करीत परदेशी गेलेली मुले आता तालुक्यातील जवळपास प्रत्येक आळीत आहेत. त्यातील बहुतेकांचा पहिला संसार भाड्याच्या घरात थाटला जातो. ते घर स्वच्छ, ऊबदार आणि सोयींनी भरलेले असते. पण त्यात राहणाऱ्याला पहिले काही महिने आपण एखाद्या विश्रामगृहात उतरलो आहोत असेच वाटत राहते. भिंती पांढऱ्या, जमिनीवर गालिचा, स्वयंपाकघरात ज्योत नसलेली शेगडी आणि घरमालकाच्या करारातील अटींची लांबलचक यादी. अशा घरात आपल्या गावचे चारदोन जिनसा नेऊन ठेवल्या की घर आपले वाटू लागते, हे खरे आहे. मात्र त्या जिनसा कोणत्या, हे विचारपूर्वक ठरवावे लागते. केवळ शोभेसाठी नेलेली वस्तू महिन्याभरात दिसेनाशी होते. जी वस्तू रोज हाताळली जाते, तीच घराला घरपण देते.

या लेखासाठी मी माझ्या पुतणीच्या घराचे उदाहरण घेतले आहे. ती व तिचे पती ऑक्टोबर २०२२ मध्ये भडगावहून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेले आणि जर्सी सिटीत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एका शयनगृहाचे घर त्यांनी भाड्याने घेतले. त्यांनी काय नेले, त्यातील काय उपयोगी पडले आणि काय बिघडले, हे मी जवळून पाहिले आहे. बिघडले त्यात माझ्या आईची गोधडी होती, म्हणून ते अधिक लक्षात राहिले.

बारा किलोंचा हिशेब

भारतातून अमेरिकेस जाताना अनेक विमान कंपन्या साध्या वर्गाच्या प्रवाशाला प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा देतात. काही स्वस्त तिकिटांवर मात्र एकच बॅग मिळते, तेव्हा तिकिटावरील मर्यादा आधी वाचावी. बॅगेची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज सामान्यतः १५८ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. दोघांच्या मिळून चार बॅगा, म्हणजे ९२ किलो. ऐकायला हे पुष्कळ वाटते. पण रिकामी मोठी बॅगच चार ते पाच किलोंची असते, आणि कपडे, थंडीचे कोट, पादत्राणे, औषधे व कागदपत्रे यांत उरलेले वजन सहज संपते. पुतणीने सुरुवातीलाच ठरविले की, घराच्या आठवणीसाठी एकूण १२ किलो राखून ठेवायचे आणि त्यापलीकडे जायचे नाही.

मग घरात जी यादी झाली ती ४० किलोंच्या वर गेली. आजोबांच्या वेळचा पितळी डबा, लोखंडी खलबत्ता, खापर, मिक्सर, लाकडी देव्हारा, अडकित्ता, सगळेच कुणाला ना कुणाला हवे होते. निवड करण्यासाठी वहिनीने एक साधा प्रश्न योजिला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती मुलीला विचारी, “ही तू आठवड्यातून किती वेळा हातात घेशील?” ज्या वस्तूचे उत्तर “एकदाही नाही” असे आले ती बाजूला गेली. या कसोटीवर शेवटी उरले ते असे: सपाट बुडाचा लोखंडी तवा १.८ किलो, परात १.१ किलो, आजीची गोधडी २.६ किलो, समई १.४ किलो, देव व ताम्हन मिळून ०.९ किलो, खानदेशी काळा मसाला २ किलो आणि बिबडे व कुरडया १.७ किलो. एकूण साडेअकरा किलो.

खापर मागे राहिले याचे घरात सर्वांना वाईट वाटले. खापरावरची पुरणपोळी ही खानदेशाची ओळख. पण मातीचे उपडे भांडे बॅगेत फुटण्याचा संभव मोठा, आणि ज्या शेगडीवर ज्योतच नाही तिच्यावर ते तापवायचे कसे, हा प्रश्न त्याहून मोठा होता. मिक्सरही त्याच कारणाने राहिला. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची, अमेरिकेतील १२० व्होल्टची. आपला मिक्सर तिथे लावला तर पाते रडतखडत फिरते, वाटण होत नाही. व्होल्टेज वाढविणारा ट्रान्सफॉर्मर लावता येतो. पण मिक्सर सुरू होताना क्षणभर बरीच अधिक वीज ओढतो, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला त्याच्या दुप्पट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो कित्येक किलोंचा असतो. त्यापेक्षा तिथल्या विजेवर चालणारा भारतीय बनावटीचा मिक्सर तिथल्याच भारतीय दुकानांत विकत घ्यावा, हे उत्तम. देवघरापुढे लावायच्या विजेच्या माळांचेही तसेच. येथून नेलेली माळ तिथे मिणमिणते.

सीमेवर काय अडते

बॅगेत काय ठेवावे याइतकेच काय ठेवू नये हे महत्त्वाचे. निघण्याच्या आदल्या दिवशी माझ्या भावाने शेतातील मूठभर काळी माती पुरचुंडीत बांधून मुलीच्या हाती दिली होती. भावना समजण्याजोगी होती. पण परवान्याशिवाय माती अमेरिकेत नेता येत नाही, कारण तिच्यातून पिकांचे रोग व कीड पसरते. तुळशीचे रोप व तिचे बी यांचीही गत तीच. आवश्यक प्रमाणपत्रांशिवाय ती नेऊ नयेत. ताजी फळे, कढीपत्ता, हिरव्या भाज्या अडविल्या जातात. घरचा तांदूळ व हरभरेही नेता येत नाहीत. धान्यात शिरणाऱ्या खापरा नावाच्या किड्याच्या भीतीने भारतासारख्या देशांतून प्रवासी सामानात येणाऱ्या या धान्यांना तिथे मनाई आहे.

दळलेला मसाला, पापड, बिबडे, कुरडया असे वाळवून अथवा शिजवून तयार केलेले पदार्थ सामान्यतः जाऊ देतात. मात्र खाद्यपदार्थ बरोबर आहेत हे सीमाशुल्क अधिकाऱ्यास स्पष्ट सांगावे. सांगितलेली वस्तू नेण्याजोगी नसेल तर ती काढून घेतात आणि प्रकरण तिथेच संपते. न सांगता सापडली तर दंड होतो. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत हे नियम आणखी कडक आहेत. तिथे लाकडी वस्तूसुद्धा जाहीर करावी लागते आणि तीवर साल, माती अथवा किड्याने पाडलेली भोके असल्यास ती अडकते. म्हणून लाकडी पोळपाट न्यायचा तर नवा, गुळगुळीत आणि धुऊन कोरडा केलेला न्यावा. माळ्यावरचा जुना नेऊ नये.

पितळेच्या वस्तूंबद्दल एक व्यावहारिक सूचना. समई, ताम्हन, मूर्ती यांसारख्या भरीव धातूच्या वस्तू क्ष-किरण यंत्रात काळ्या गोळ्यासारख्या दिसतात आणि बॅग उघडून पाहिली जाते. त्या बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळून ठेवल्यास तपासणी करणारा सगळी घडी विस्कटतो. त्या वरच्या थरात, एका पिशवीत एकत्र ठेवाव्यात. समईचा पाया, दांडा व वरचे ताट हे भाग आट्यांनी सुटे होतात; ते सुटे करून प्रत्येकास वेगळे कापड गुंडाळावे. सांधलेलीच ठेवली तर आटे वाकतात आणि मग समई सरळ उभी राहत नाही. परात मात्र तळाशी ठेवावी, तिच्या पोटात कपड्यांच्या घड्या मावतात.

तवा आणि परात

आता प्रत्यक्ष घराकडे येऊ. पुतणीच्या घरातील शेगडी काचेच्या सपाट पृष्ठाची होती. काचेखाली विजेची तार तापून लाल होते, तिची उष्णता भांड्यास मिळते. या शेगडीवर भांड्याचे बूड काचेला सर्वत्र टेकणे आवश्यक असते. आपला नेहमीचा खोलगट तवा तिच्यावर ठेवला तर तो फक्त मध्यावर टेकतो. मधला भाग जळतो आणि कडा कच्च्या राहतात. म्हणून निघण्यापूर्वी सपाट बुडाचा, सुमारे २८ सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन ते चार मिलिमीटर जाडीचा तवा मुद्दाम घेतला होता. तो सपाट आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. तवा उपडा करून त्याच्या बुडावर पोलादी पट्टी उभी धरावी आणि उजेडाकडे पाहावे. पट्टीखालून उजेड दिसला तर बूड वाकडे आहे. लोखंडाचा आणखी एक लाभ असा की, पुढे घर बदलले आणि इंडक्शनची शेगडी मिळाली तरी तोच तवा चालतो. ॲल्युमिनियमचा साधा तवा तिच्यावर तापतच नाही. प्रवासात गंज चढू नये म्हणून तव्याला तेलाचा पातळ हात देऊन कागदात गुंडाळावे.

पहिल्या रविवारी तिने कळण्याची भाकरी केली आणि ती फसली. फोनवर तिचा आवाज पडलेला होता. भाकरी तव्यावर बरी भाजली गेली, पण फुगली नाही आणि वरून पांढरी राहिली. कारण दोन होते. पहिले असे की, काचेची शेगडी एकसारखी तापत नाही. ठरलेली उष्णता गाठली की ती आपोआप बंद होते आणि थंडावली की पुन्हा सुरू होते. जाड तवा नीट तापण्याआधीच भाकरी टाकल्यास ही चढउतार भाकरीला जाणवते. मध्यम आचेवर तवा सात-आठ मिनिटे तापू द्यावा. पाण्याचे दोन थेंब टाकल्यावर ते चरचरून लगेच उडाले की तवा तयार समजावा.

दुसरे कारण ज्योतीचे. आपण भाकरीची एक बाजू तव्यावर भाजून दुसरी विस्तवावर फुगवतो. तिथे विस्तव नाही. वहिनीने फोनवरूनच यावर उपाय सुचविला. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवावे, पाणी सुकू लागताच उलटावी, दुसरी बाजू पुरती भाजू द्यावी आणि मग पुन्हा उलटून घडी केलेल्या सुती फडक्याने कडा हलके दाबाव्यात. आतली वाफ मध्याकडे सरकते आणि भाकरी तव्यावरच फुगते. ती ज्योतीवरच्या भाकरीइतकी खरपूस होत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तिसऱ्या रविवारी पुतणीने फुगलेल्या भाकरीचे छायाचित्र पाठविले, तेव्हा भडगावच्या घरात ते सर्वांनी दोनदा पाहिले. एक दक्षता घ्यावी: लोखंडी तवा काचेवर सरकवू नये, उचलून ठेवावा. ओरखडा पडला तर तो घर सोडताना अनामतीतून वजा होऊ शकतो.

ज्वारीचे पीठ न्यावे लागत नाही. जर्सी सिटीतील न्यूअर्क ॲव्हेन्यू आणि एडिसन भागातील ओक ट्री रोड येथील भारतीय दुकानांत ते मिळते. पीठ जुने असेल तर भाकरी थापताना कडा फाटतात; पिठाला खवट वास येत असल्यास घेऊ नये. कळण्यासाठी काळे उडीदही तिथेच घेऊन घरी दळता येतात. परात मात्र येथून नेलेली बरी. काठ वर उचललेला असल्याने पीठ बाहेर सांडत नाही, आणि हळद-मसाल्याचे कामही तिच्यातच केल्यास ओट्याच्या पांढऱ्या पृष्ठावर पिवळे डाग पडत नाहीत. तसा डाग पडलाच तर फार घासू नये, घासल्याने पृष्ठाची चमक जाते. हळदीचा रंग प्रकाशात फिका पडतो. खिडकीतून ऊन येत असेल तर चार-सहा दिवसांत डाग बराच उतरतो.

मसाला भाजण्याचे काम तिथे करू नये, तो येथूनच तयार न्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पुतणीने एकदा वांग्याच्या भरितासाठी मिरच्या तव्यावर परतल्या आणि धुराची घंटा किंचाळू लागली. अनेक भाडेघरांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून तोच वारा पुन्हा खोलीत सोडतो. अशा वेळी घंटेवर पिशवी बांधणे किंवा तिची बॅटरी काढणे हा प्रकार काही मुले करतात. तो कराराविरुद्ध तर आहेच, पण लाकडी सांगाड्याच्या इमारतीत जिवावरचा आहे. खिडकी आधीच उघडावी, तेल कमी तापवावे आणि वांगी शेगडीवर न भाजता भट्टीच्या वरच्या तारेखाली, टोचे मारून, मधूनमधून फिरवीत भाजावीत. टोचे मारले नाहीत तर वांगे भट्टीत फुटते. धुराचा वास येत नाही, पण गर छान सुटतो.

आजीची गोधडी

आता त्या गोधडीविषयी. ती माझ्या आईने स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, दुपारच्या वेळी ओसरीत बसून शिवली होती. आई गेल्यावर तिच्या हातची ही एकच गोधडी उरली. पुतणी लहानपणी तिच्याखाली झोपली होती. ती गोधडी अमेरिकेला जावी की नाही यावर घरात दोन मते होती, अखेर वहिनी म्हणाली, “पेटीत ठेवून ती कुणाची आहे?” आणि प्रश्न मिटला.

गोधडी नेण्यापूर्वी ती धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. ओलसर गोधडी बॅगेत बंद केली तर तिला कुबट वास येतो आणि तो सहज जात नाही. हवा काढून टाकणाऱ्या पिशवीत ती चपटी होते. जागा वाचते, वजन मात्र तेवढेच राहते. रंग पक्का आहे का, हे पाहण्यासाठी ओले पांढरे फडके प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर मिनिटभर दाबून पाहावे. फडक्यावर रंग उतरला तर ती गोधडी इतर कपड्यांबरोबर कधीही भिजवू नये.

घरी पोहोचल्यावर दिसले की, तिथला पलंग सुमारे १५२ सेंटिमीटर रुंद व २०३ सेंटिमीटर लांब आणि गोधडी त्याहून बरीच लहान. ती पलंगावर पांघरूण म्हणून पुरेना. मग ती पलंगाच्या पायथ्याशी आडवी घातली जाई आणि रविवारी गालिच्यावर अंथरून तिच्यावर बसून दोघे जेवत. खुर्चीवर बसून खाल्लेल्या भाकरीपेक्षा ती भाकरी वेगळी लागे, असे पुतणी सांगते. जेवणामुळेच तिच्यावर कालवणाचा डाग पडला आणि धुण्याची वेळ आली.

इमारतीच्या तळघरात सर्वांसाठी धुलाई यंत्रे होती. वरून कपडे टाकायचे आणि मध्ये फिरणारा खांब असलेले ते यंत्र होते. तिने गोधडी त्यात टाकली. अर्ध्या तासाने बाहेर काढली तेव्हा मधल्या धावदोऱ्याच्या सात-आठ ओळी तुटल्या होत्या आणि आतील चिंध्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या होत्या. असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. सुती कापड पाणी शोषते आणि अडीच किलोंची गोधडी भिजल्यावर पाच-सहा किलोंची होते. मधला खांब ती एका बाजूने ओढतो, आणि हे सारे ओझे त्या बाजूच्या टाक्यांवर येते. हाताचा टाका लांब असतो. वर्षानुवर्षांच्या वापराने दोरा झिजलेला असतो. कापड टिकते, दोरा तुटतो.

त्या रात्री तिचा फोन आला, पण बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “काका, आजीची गोधडी मी फाडली.” मी तिला इतकेच विचारले, की कापड फाटले की दोरा? दोराच तुटला होता. तेव्हा गोधडी वाचणार हे निश्चित झाले. दुरुस्तीची रीत अशी: गोधडी जमिनीवर पसरून पूर्ण वाळू द्यावी. गोळा झालेल्या चिंध्या बोटांनी चाचपून पूर्वीच्या जागी सरकवाव्यात आणि तिथे चार चार बोटांवर मोठे कच्चे टाके घालून त्या अडकवाव्यात. मग जुन्या टाक्यांची भोके दिसतात, त्याच ओळीने, काठाकडून मध्याकडे न जाता मध्याकडून काठाकडे, जाड सुती दोऱ्याने धावदोरा घालावा. पॉलिस्टरचा दोरा घेऊ नये. तो कापडापेक्षा बळकट असतो आणि पुढच्या ओढीला दोऱ्याऐवजी जुने कापडच फाटते. दोरा फार ताणूही नये, नाही तर गोधडी चुण्या घेते. शेवटी कच्चे टाके काढावेत. तिला या कामास तीन शनिवार-रविवार लागले. जिथे कापड विरले होते तिथे तिने स्वतःच्या एका सुती ओढणीचा तुकडा लावला. आजीचे टाके आणि नातीचे टाके आता शेजारी शेजारी आहेत, आणि नातीचे थोडे वाकडे आहेत हे ओळखू येते.

त्यानंतर तिने गोधडीला जुन्या सुती साडीची खोळ शिवली. खोळ यंत्रात धुतली जाते, गोधडीला वर्षातून एकदाच पाणी लागते आणि तेही न्हाणीघरातील टबात. टबात कोमट पाणी व दोन चमचे सौम्य साबण घालून गोधडी पायांनी हलके तुडवावी, पाणी सोडून द्यावे आणि तीनदा स्वच्छ पाण्याने हेच करावे. ओली गोधडी एका कोपऱ्याने कधीही उचलू नये. पाणी निथळू द्यावे, दाबून काढावे, दोन मोठ्या टॉवेलांत गुंडाळून पुन्हा दाबावे आणि मग घडीच्या दांडीवर दुहेरी पसरावी. हिवाळ्यात घर तापविणारी यंत्रणा सुरू असताना खोलीतील हवा कोरडी असते, म्हणून हे काम तेव्हाच करणे सोयीचे. उष्ण हवेच्या वाळवणी यंत्रात ती घालू नये.

देव, समई आणि भिंत

भाडेघरातील भिंती बहुधा जिप्समच्या पातळ पत्र्यांच्या असतात आणि त्यांच्या आत साधारण ४० सेंटिमीटर अंतरावर उभे लाकडी दांडे असतात. दोन दांड्यांच्या मधे खिळा ठोकला तर तो पोकळीत जातो आणि थोड्या वजनानेही निसटतो, शिवाय भोक उरते. म्हणून देव्हारा भिंतीवर टांगण्याचा विचार सोडावा. पुतणीने देव एका बुटक्या कपाटावर, पूर्वेच्या भिंतीशी, ताम्हनात ठेवले. तोरणासाठी चिकटणारा आकडा वापरला आणि तोरण दाराच्या आतल्या बाजूस लावले. बाहेरचा रस्ता सर्वांचा असतो. तिथे वस्तू ठेवण्यास आगीच्या नियमांमुळे बऱ्याच इमारतींत बंदी असते.

समईचा प्रश्न अधिक गंभीर आहे. करारातील उघड्या ज्योतीविषयीचे कलम आधी वाचावे. काही घरमालक मेणबत्ती व उदबत्तीसही मनाई करतात. तसे असेल तर विजेच्या निरांजनावर समाधान मानावे. परवानगी असेल तरी समई गालिच्यावर ठेवू नये. गालिच्याखाली मऊ थर असतो, त्यावर समई डुलते आणि सांडलेल्या तेलाचा डाग निघत नाही. हार्डवेअरच्या दुकानात ३० सेंटिमीटरची एक फरशी मिळते. ती कपाटावर ठेवून, तिच्यावर परात आणि परातीत थोडे पाणी घालून समई ठेवावी. एकच वात, बारीक आणि खुडलेली असावी. लांब वात काजळी धरते आणि घंटा वाजते. पडदा व धुराची घंटा दोन्ही समईच्या नेमके वर अथवा लगत नसावीत, आणि खोलीत कुणी नसताना ज्योत ठेवू नये.

पुढच्या श्रावणात त्यांनी कानबाई बसविली. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते आणि सोमवारी तिचे विसर्जन होते. रविवार असल्याने तिथेही सुटी होती. चौरंग म्हणून चहाचे बुटके मेज, भारतीय दुकानातील नारळ, तीच परात, तीच समई आणि खाली तीच गोधडी. ओळखीची खानदेशी कुटुंबे रोटासाठी आली. सोमवारी कामावर जाण्यापूर्वी त्यांनी बादलीत विसर्जन केले. नदी नव्हती, पण वहिनीने फोनवर सांगितले तसे सारे झाले.

घर सोडताना

२०२४ मध्ये ते मोठ्या घरात गेले. न्यू जर्सीत घरमालकास दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही आणि करार संपल्यावर ३० दिवसांत ती, वजावटीचा हिशेब देऊन, परत करावी लागते. घरात शिरतानाच प्रत्येक भिंतीची, शेगडीची व गालिच्याची छायाचित्रे तारखेसह काढून ठेवल्यामुळे त्यांना वाद घालावा लागला नाही. चिकट आकडा काढताना पट्टी भिंतीपासून बाहेर न ओढता भिंतीलगत सरळ खाली हळूहळू ताणली की रंग निघत नाही, हेही त्यांना तोवर ठाऊक झाले होते.

नव्या घरात सामान पोहोचले त्या संध्याकाळी खोकी अजून उघडायची होती. पुतणीने आधी एकच खोके उघडले. तव्यावर भाकरी टाकली, गोधडी जमिनीवर अंथरली आणि मग भडगावला फोन लावला. “आम्ही घरी पोहोचलो,” असे ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी पहिल्या घरातून फोन करताना तिने “आम्ही इथे पोहोचलो,” असे म्हटले होते, हे वहिनीच्या बरोबर लक्षात होते.